३१ ची रेघ सर्वात उंच, तरी इथेनॉल ४६ चं

एमएस्सीच्या सबमिशनच्या वह्या तपासताना एक वाक्य दरवर्षी हमखास भेटतं: ‘सर्वात उंच पीक ३१ ला आहे, म्हणून संयुगाचा रेणुभार ३१.’ शेजारी चिकटवलेला आलेख म्हणजे इथेनॉलचा मास स्पेक्ट्रम असतो: मास स्पेक्ट्रोमीटर हे मशीन रेणूंचे आणि त्यांच्या तुकड्यांचे आयन वस्तुमानानुसार मोजतं, त्याचं चित्र. इथेनॉल, म्हणजे सॅनिटायझरमधलं नि दारूतलं साधं अल्कोहोल, CH3CH2OH. कार्बनचे दोन अणू म्हणजे २४, हायड्रोजनचे सहा म्हणजे ६, ऑक्सिजनचा एक म्हणजे १६. बेरीज ४६. ही बेरीज त्याच वहीत दोन पानं आधी बरोबर केलेली असते. तरीही आलेख पुढे आला की उंच रेघ डोळ्यांत भरते आणि हात आपोआप ३१ लिहून जातो.

मला या चुकीचा राग येत नाही. बहुतेक आलेखांत सर्वात उंच तेच सर्वात महत्त्वाचं असतं, आणि मास स्पेक्ट्रमवर कोणी वेगळी सूचना छापलेली नसते. शिवाय या आलेखातल्या रेघेला ‘पीक’ म्हणतात, आणि हा शब्दच आपल्याकडे जरा अवघड जागी बसलाय. पीक म्हटलं की ज्वारी आठवते, आणि उंच पीक म्हणजे चांगलं पीक असं मन म्हणतं. म्हणून हा एकच आलेख घेऊन बसू. ४६ कुठे आहे, ती रेघ एवढी बुटकी का, ३१ कुठून आलं आणि ते सगळ्यांपेक्षा उंच का, एवढं नीट कळलं तर दुसऱ्या कुठल्याही छोट्या रेणूचा आलेख वाचायला सुरुवात करता येते.

आलेखात काय दिसतं ते आधी सांगतो. आडव्या अक्षावर m/z लिहिलेलं असतं: वस्तुमान भागिले विद्युतभार. इथे जवळपास प्रत्येक आयनावर भार एकच असतो, म्हणून भागाकार करायची गरज पडत नाही. आकडा म्हणजेच वस्तुमान. उभ्या अक्षावर त्या वस्तुमानाचे आयन किती मिळाले ते. इथेनॉलच्या आलेखात ३१ ला सर्वात उंच रेघ, ४५ ला तिच्या साधारण निम्मी, २९ ला तिसऱ्या हिश्शाच्या जवळ, २७ आणि ४६ ला पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि मग इकडेतिकडे बारीकसारीक रेघा. ४६ च्या उजवीकडे ४७ ला जवळून पाहिलं तरच दिसेल एवढा एक ठिपका.

आता या रेघा बनतात कशा? मशीनच्या आत जोरदार निर्वात केलेला असतो. तिथे नमुन्याची किंचितशी वाफ सोडतात. तापलेल्या फिलॅमेंटमधून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि तो ७० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने वाफेतून आरपार जातो. बहुतेक रेणूंना या झोताचा पत्ताही लागत नाही. ते तसेच पंपातून बाहेर जातात. थोड्यांच्या मात्र अगदी जवळून इलेक्ट्रॉन जातो आणि त्या धक्क्याने रेणूचा स्वतःचा एक इलेक्ट्रॉन उडून जातो. गेलेल्या इलेक्ट्रॉनाचं वजन नगण्य असतं. मागे उरतो तो पूर्ण रेणूच, फक्त त्याच्यावर एक धन भार आलेला असतो. हाच मॉलिक्युलर आयन. इथेनॉलच्या बाबतीत त्याचं वस्तुमान ४६.

भार आला म्हणून त्याला विद्युतक्षेत्राने ढकलता येतं, वळवता येतं. पुढे चार दांड्यांचा क्वाड्रुपोल असतो. तो चाळणीसारखा एका वेळी एकाच m/z च्या आयनांना वाट देतो. पलीकडे बसलेला डिटेक्टर त्यांची मोजणी करतो. इथे एक गोष्ट गाठीशी बांधून ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: भार नसलेली कुठलीही वस्तू या मशीनला दिसत नाही. अख्खा रेणू असो की तुकडा, भार नसेल तर तो पंपाच्या वाटेने जातो आणि आलेखावर त्याची खूण राहत नाही.

मग ४६ ची रेघ सर्वात उंच का नाही? कारण तयार झालेला मॉलिक्युलर आयन टिकत नाही. इथेनॉलच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. झोतात आहेत ७०. सगळेच्या सगळे ७० रेणूच्या पदरात पडत नाहीत, पण गरजेपेक्षा काही व्होल्ट जास्त पडतात हे नक्की. ही वरकड ऊर्जा रेणूच्या आत बंधांच्या थरथरीत फिरत राहते. निर्वातात दुसरा रेणू जवळपास नसल्यामुळे ती कोणाला देऊन टाकता येत नाही. आयन जिथे बनतात त्या कप्प्यात ते मायक्रोसेकंदभर असतात. तेवढ्या वेळात ज्याचा बंध तुटला तो तुकडा होऊन पुढे जातो, ज्याचा तुटला नाही तो ४६ म्हणून मोजला जातो. ४६ च्या रेघेची उंची म्हणजे धक्का खाऊनही अख्ख्या राहिलेल्या रेणूंची हजेरी.

तुटायचंच असेल तर कुठे तुटेल, हे आंधळेपणाने ठरत नाही. इथेनॉलमधून इलेक्ट्रॉन सहसा जातो तो ऑक्सिजनवरच्या बंधात न गुंतलेल्या जोडीतला, कारण तो सर्वात सैल असतो. आता ऑक्सिजनवर एक इलेक्ट्रॉन एकटा पडला. त्याला जोडीदार हवा. तो शेजारच्या कार्बनाच्या बंधातून मिळतो. ऑक्सिजन ज्या कार्बनाला चिकटलाय त्या कार्बनाचा पलीकडच्या CH3 शी असलेला बंध उलगडतो, त्यातला एक इलेक्ट्रॉन ऑक्सिजनाकडे येऊन कार्बन-ऑक्सिजनमध्ये दुसरा बंध तयार करतो, दुसरा इलेक्ट्रॉन घेऊन CH3 निघून जातो. मागे राहतं CH2=OH आणि त्यावर धन भार. कार्बन १२, तीन हायड्रोजन ३, ऑक्सिजन १६: झाले ३१. गेलेला CH3 म्हणजे १५. ४६ वजा १५ बरोबर ३१.

वहीत मी विद्यार्थ्यांना ही वजाबाकी आधी करायला लावतो, इलेक्ट्रॉन कुठून कुठे गेले ते दाखवणारे बाण नंतर. स्पेक्ट्रम वाचताना रेघेच्या आकड्याइतकंच दोन रेघांमधलं अंतर बोलतं. १५ गेले तर मिथाइल, १८ गेले तर पाणी, १ गेला तर हायड्रोजन. आलेखावर पट्टी ठेवून वरच्या रेघेपासून खाली किती उतरलो ते बघायचं. गेलेला तुकडा दिसत नाही. पण तो गेला तेवढी जागा मोकळी दिसते, आणि ती मोजता येते.

इथे वर्गात कोणीतरी चांगला प्रश्न विचारतं. रेणूचे दोन तुकडे झाले, ३१ आणि १५. मग १५ ची रेघ ३१ एवढीच उंच का नाही? आलेखात १५ ला जी रेघ दिसते ती अगदीच लहान असते. उत्तर असं की तुकडे दोन, पण भार एकच, आणि तो कोणाकडे राहील याची रस्सीखेच असते. ज्या तुकड्यातून इलेक्ट्रॉन काढणं स्वस्त, त्याच्याकडे धन भार राहतो. CH2OH मधून इलेक्ट्रॉन काढायला साधारण ७.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात; CH3 मधून काढायला ९.८ लागतात. दोन व्होल्टांचा फरक म्हणजे रेणूंच्या जगात मोठीच तफावत. म्हणून भार जवळजवळ नेहमी CH2OH च्या वाट्याला येतो आणि मिथाइल भाराविना, म्हणजे मशीनच्या दृष्टीने अदृश्य होऊन, जातं. या ठोकताळ्याला स्टीव्हन्सनचा नियम म्हणतात.

४५ ची रेघ याच पद्धतीने बनते, फक्त CH3 ऐवजी एक हायड्रोजन जातो. कुठला हायड्रोजन? इथेनॉलमध्ये सहा आहेत: तीन टोकाच्या कार्बनावर, दोन मधल्या कार्बनावर, एक ऑक्सिजनवर. आपल्या डोक्यात अल्कोहोलचा OH वाला हायड्रोजन ‘सुटा’ असतो, म्हणून बरेच जण तोच गेला असं लिहून मोकळे होतात. याचा निकाल लावायची युक्ती सुंदर आहे. OH मधल्या हायड्रोजनाच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम घातलेलं इथेनॉल घ्यायचं: CH3CH2OD. त्याचा रेणुभार ४७. ऑक्सिजनवरचा गेला असता तर २ कमी होऊन ४५ दिसलं असतं. प्रत्यक्षात मोठी रेघ येते ४६ ला, म्हणजे १ कमी. ऑक्सिजनवरचा जागेवरच आहे आणि कार्बनावरचा साधा हायड्रोजन गेलाय. त्याच आलेखात सर्वात उंच रेघ ३१ वरून ३२ ला सरकते, कारण त्या तुकड्यात आता OH ऐवजी OD आहे. याउलट टोकाच्या मिथाइलमधले तिन्ही हायड्रोजन बदलून CD3CH2OH घेतलं, तर रेणू ४९ चा होतो पण सर्वात उंच रेघ ३१ लाच राहते. १८ वजनाचं CD3 अख्खं निघून गेलेलं असतं. ३१ मध्ये टोकाचा कार्बन नाही याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

२९ बद्दल फार खोलात जात नाही. ते C2H5 असू शकतं, CHO असू शकतं. दोन्हींची बेरीज २९. साध्या क्वाड्रुपोलला पूर्णांकापुढचं दिसत नाही, त्यामुळे एकाच रेघेत दोन्ही मिसळून बसतात. अचूक वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात २९.००२ आणि २९.०३९ अशा दोन वेगळ्या रेघा दिसतील.

आता मुख्य प्रश्न. सर्वात उंच रेघेला बेस पीक म्हणतात. सॉफ्टवेअर तिला १०० मानतं आणि बाकीच्या सगळ्या रेघा तिच्या टक्केवारीत मांडतं. म्हणजे १०० हा आकडा मोजून आलेला नसतो, मानलेला असतो. नमुना दुप्पट टोचला तरी बेस पीक १०० च राहणार. तिची उंची पाहून ‘इथेनॉल भरपूर आहे’ असं म्हणता येत नाही, आणि ‘नमुना शंभर टक्के शुद्ध आहे’ असं तर मुळीच नाही. (हे दुसरं वाक्यही मी वहीत वाचलेलं आहे.) बेस पीक एवढंच सांगतं: या रेणूला या परिस्थितीत धक्का दिला, तर डिटेक्टरपर्यंत पोचलेल्या आयनांत या वस्तुमानाचे सर्वात जास्त होते.

‘सर्वात जास्त’ म्हणजे ‘सर्वात टिकाऊ’ असं पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. अर्धं खरं आहे. CH2=OH टिकाऊ आहे, कारण त्यातला धन भार ऑक्सिजन वाटून घेतो. पण इथेनॉलचेच आकडे पाहिले तर गंमत दिसते. ४५ चा तुकडा बनायला सुमारे १०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. ३१ चा बनायला सुमारे ११.३. म्हणजे ४५ स्वस्त आहे. तरी ३१ ची रेघ दुप्पट उंच. कारण ७० व्होल्टच्या झोतात रेणूकडे दोन्हींना पुरून उरेल एवढी ऊर्जा असते. तिथे कोण स्वस्त याला महत्त्व राहत नाही. कोण लवकर उरकतं याला येतं. ऊर्जा मुबलक असली की मिथाइल सुटणं हायड्रोजन सुटण्याहून जलद होतं. फिलॅमेंटच्या झोताची ऊर्जा ११ च्या आसपास आणली, तर ३१ बनायला पैसेच पुरत नाहीत. ४६ आणि ४५ उरतात. रेणू तोच, बाटली तीच, आणि सर्वात उंच रेघ भलतीच. म्हणूनच जगभरातल्या स्पेक्ट्रमच्या संग्रहांत ७० हा आकडा सगळ्यांनी ठरवून पाळलेला आहे. तो पाळला नाही तर तुमचा आलेख दुसऱ्याच्या आलेखाशी जुळवण्यात अर्थ राहत नाही.

बेस पीकचा खरा उपयोग दिसतो तो डायमिथाइल ईथर शेजारी ठेवल्यावर. त्याचं सूत्रही C2H6O, रेणुभारही ४६. फक्त ऑक्सिजन दोन मिथाइलांच्या मधोमध बसलेला: CH3-O-CH3. रेणुभारावरून या दोघांत फरक करणं अशक्य. पण ईथरच्या आलेखात बेस पीक आहे ४५, आणि ४६ ची रेघही तिच्या निम्म्याहून उंच. ३१ ला उल्लेख करावा असं काही नाही. कारण उघड आहे: इथे ऑक्सिजनशेजारच्या कार्बनाला पलीकडे दुसरा कार्बनच नाही, तोडायला आहेत ते फक्त हायड्रोजन. म्हणून १ जाऊन ४५ होतं. इथेनॉलचं ३१ म्हणजे ‘माझ्यात CH2OH आहे’ अशी सहीच. एक-प्रोपेनॉलमध्येही ती मिळते. मॉलिक्युलर आयनाने रेणू किती जड ते कळतं, तुकड्यांनी त्याची बांधणी कशी ते. बेस पीक हा त्या तुकड्यांतला सर्वात मोठ्या आवाजात बोलणारा, एवढंच.

आता आमच्याच प्रयोगशाळेतला एक फजितीचा किस्सा. एकदा एका नमुन्यात इथेनॉल आहे का एवढंच बघायचं होतं. जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रण आधी वेगळं करून मग प्रत्येक घटकाचा मास स्पेक्ट्रम काढणाऱ्या मशीनवर, नमुना टोचला, इथेनॉल बाहेर पडायच्या वेळेला पीक आलं, त्याचा स्पेक्ट्रम उघडला, तर सर्वात उंच रेघ ४५ ला, मग ४६, आणि ३१ चा पत्ताच नाही. संग्रहातून शोध घेतला तर सॉफ्टवेअरने काहीतरी भलतीच नावं काढली. आम्ही तासभर नमुन्यालाच दोष देत बसलो. मग कोणीतरी मेथड, म्हणजे मशीनने काय कसं मोजायचं याची साठवलेली सेटिंग, उघडून पाहिली: स्कॅन ३५ पासून सुरू होत होता. ही मेथड आधी कोणीतरी सुगंधी तेलांसाठी लावून ठेवलेली. हवेतलं पाणी १८ ला, नायट्रोजन २८ ला, ऑक्सिजन ३२ ला सतत त्रास देतात, म्हणून ३५ किंवा ४० च्या खालचं मोजायचंच नाही अशी सोय लोक करून ठेवतात, आणि मोठ्या रेणूंना त्याने काही फरक पडत नाही. इथेनॉलची मात्र मानच छाटली गेली. मशीनने ३१ मोजलंच नव्हतं, त्यामुळे उरलेल्यांत उंच तो ४५ ‘बेस पीक’ झाला आणि त्याने स्वतःला १०० म्हणवून घेतलं. स्कॅन २५ पासून लावल्यावर सगळं जागेवर आलं. तेव्हापासून छोट्या रेणूचा आलेख हातात आला की मी आधी आडवा अक्ष कुठून सुरू होतो ते बघतो, रेघा नंतर.

३१ वर विसंबण्यात दुसरा धोका आहे, आणि तो गंभीर आहे. मिथेनॉल, CH3OH, रेणुभार ३२. त्यातून एक हायड्रोजन गेला की उरतं CH2=OH, म्हणजे पुन्हा ३१, आणि तेच त्याचंही बेस पीक. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. अशा नमुन्यात इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्ही एकत्र असू शकतात, आणि दोघांची सर्वात उंच रेघ एकच. मिथेनॉलचं ३२ पाहावं म्हटलं, तर हवेतला ऑक्सिजन तिथेच बसलेला. म्हणून मिश्रण तसंच मशीनमध्ये घालून ३१ बघण्यात काही अर्थ नाही. आधी गॅस क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून दोघांना वेगळं करायचं. मिथेनॉल आधी बाहेर येतं, इथेनॉल मागून. मग प्रत्येकाचा स्पेक्ट्रम वेगळा पाहायचा: ज्यात ४५-४६ आहे ते इथेनॉल, ज्यात ३२ च्या वर काही नाही ते मिथेनॉल.

ज्याच्यावर नाव लिहिलेलं नाही असा स्पेक्ट्रम हातात आला तर मॉलिक्युलर आयन ओळखायचा कसा? पहिली सवय अशी की उंचीकडे न पाहता सर्वात उजवीकडच्या रेघांकडे जायचं. इथेनॉलमध्ये तिथे ४६ आहे आणि त्याच्या पलीकडे ४७ चा ठिपका. हा ठिपका म्हणजे ज्यांच्यात एक कार्बन १३ वजनाचा आहे असे रेणू. निसर्गातल्या दर शंभर कार्बनांत असा साधारण एक असतो. इथेनॉलमध्ये कार्बन दोन, म्हणून ४७ ची रेघ ४६ च्या दोन टक्क्यांच्या जरा वर असायला हवी. ती तेवढीच असेल तर तिला मॉलिक्युलर आयन समजू नये. ती ४६ ची सावली आहे.

दुसरी सवय सम-विषम पाहण्याची. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एवढ्यांनीच बनलेल्या रेणूचं वस्तुमान नेहमी सम येतं. नायट्रोजनचा एक अणू आला की विषम होतं. आणि सम रेणूतून एक बंध तुटून बनलेला तुकडा विषम असतो. इथेनॉलचा आलेख पुन्हा पाहा: २७, २९, ३१, ४५ सगळे विषम, आणि उजव्या टोकाला एकटा सम ४६. तो वेगळ्या घरातला आहे हे आकडाच सांगतो. याला अपवाद आहेत. लांब साखळीचं अल्कोहोल अख्खा पाण्याचा रेणू टाकून देतं, तेव्हा १८ कमी होऊन तुकडाही समच उरतो. एक-ब्युटेनॉल ७४ चं, पण त्याच्या आलेखात ७४ जवळजवळ दिसतच नाही. ५६ आणि ३१ या दोन रेघा मात्र जवळपास सारख्या उंचीच्या असतात. त्यांतली कुठली १०० आणि कुठली ९५ हे मशीनच्या जुळवणीवरही ठरतं. एका संग्रहात ३१ बेस पीक, दुसऱ्यात ५६. अशा वेळी ‘बेस पीक कुठलं’ यावर वाद घालण्यापेक्षा दोन्ही उंच आहेत हे लिहावं.

आणि कधी कधी मॉलिक्युलर आयन नसतोच. टर्ट-ब्युटेनॉल घ्या, (CH3)3COH. मधल्या कार्बनावर तीन मिथाइल आणि एक OH, रेणुभार इथेही ७४. इथेनॉलमध्ये मिथाइल टाकायला एक जागा होती, इथे तीन, आणि टाकल्यावर उरणारा तुकडा आणखी टिकाऊ. परिणाम असा की धक्का खाल्लेला एकही रेणू अख्खा डिटेक्टरपर्यंत पोचत नाही म्हटलं तरी चालेल. ६० ची बारीक सावली सोडली तर आलेख ५९ ला संपतो, आणि बेस पीकही ५९ च. सर्वात उंचही तोच, सर्वात उजवीकडचाही तोच. अशा आलेखापुढे माझा विद्यार्थी ‘रेणुभार ५९’ लिहिणार, आणि वरच्या दोन सवयींतली पहिली त्याला वाचवू शकणार नाही.

दुसरी वाचवेल. ५९ विषम आहे. म्हणजे एक तर या रेणूत नायट्रोजन आहे, नाही तर ५९ हा तुकडा आहे. नायट्रोजन नसल्याचं इतर तपासणीतून माहीत असेल, तर ५९ मध्ये काहीतरी मिळवायला हवं. शेजारी ३१ ही ऑक्सिजनच्या तुकड्याची ओळखीची रेघ आहे, त्यामुळे मिथाइल गेलं असावं असा अंदाज बांधता येतो: ५९ अधिक १५, ७४. पण हा अंदाज झाला. खात्रीसाठी आयन करायची पद्धतच बदलतात. इलेक्ट्रॉनचा धक्का न देता मिथेन वायूच्या आयनांकरवी रेणूला एक प्रोटॉन चिकटवतात, म्हणजे रेणू हलक्या हाताने आयन होतो आणि वजन एकाने वाढतं. सरळ वागणारा रेणू इथे ७५ दाखवेल. टर्ट-ब्युटेनॉल इथेही हट्टी आहे. प्रोटॉन चिकटताच ते पाणी टाकतं आणि ठळक रेघ येते ५७ ला. तरी हिशोब बसतो. ५७ मध्ये गेलेलं पाणी १८ मिळवलं की ७५, त्यातून पाहुणा प्रोटॉन १ वजा केला की ७४. पहिल्या आलेखातल्या ५९ अधिक १५ नेही ७४ च सांगितलं होतं. दोन्ही आलेखांत ७४ ला रेघ नाही, आणि दोन्हींवरून वहीत लिहायचा रेणुभार ७४.